सिव्हिल म्हणजेच स्थापत्य, असं पत्र आणा

परवा दुपारी आमच्या नगरपालिकेच्या आवक-जावक खिडकीवर मला कळलं की मी सिव्हिल इंजिनिअर असलो तरी स्थापत्य अभियंता नाही.

"जाहिरातीत 'स्थापत्य अभियांत्रिकी पदवी' हाय," भाऊसाहेब म्हणाले, "अन् तुमच्या मार्कमेमोवर सिव्हिल हाय."

"एकच असतंय की ते, साहेब."

"मला म्हाईत हाय. कागदाला म्हाईत नाही ना. दोन्ही एकच असल्याचं कॉलेजचं पत्र जोडा."

पद होतं घनकचरा व्यवस्थापन अधिकारी. कंत्राटी, अकरा महिने, एकत्रित मानधन. अर्जाला सतरा कागद जोडायचे. त्यात लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र होतं, म्हणजे २८ मार्च २००५ नंतर मला दोनपेक्षा जास्त अपत्यं झाली नाहीत, असं मी शपथेवर लिहून द्यायचं. त्या दिवशी मी प्राथमिक शाळेत होतो. आज अपत्य सोडा, गेल्या वर्षी एका स्थळाकडच्या मामांनी "मुलगा काय करतो?" विचारल्यावर माझ्या काकूनं कौतुकानं "कचऱ्यात जाणार आहे" असं सांगितलं, तेव्हापासून चहासुद्धा कुणी पाजलेला नाही. तरी शपथ घेतली. अपत्यं शून्य. खाली सही, तारीख, ठिकाण.

शेवटची तारीख परवाच होती, पाच वाजेपर्यंत. कॉलेज सत्तर किलोमीटरवर. कॉलेजातल्या क्लार्कला फोन लावला, ते जेवायला गेले होते. म्हणून मी बाकड्यावर बसलो, आणि तिथं मला एक मामा भेटले.

मामा म्हणजे साठीपुढचे, डोक्याला टोपी, मांडीवर नायलॉनची पिशवी. त्यांनी माझ्या फाईलकडं बघितलं आणि सरळ हात घालून वरचा कागद काढला. आपल्याकडं बाकड्यावर शेजारी बसलं की कागदपत्रं सामाईक होतात.

"कचऱ्याचे इंजिनेर का?"

"व्हायलोय, मामा."

"कचऱ्याला इंजिनेर कशाला लागतंय? काडी लावली की झालं."

मी लगेच सुरू झालो. काडीनं वरचं जळतं, ढिगाच्या पोटात ओलं सडत राहतं, तिथं हवा नसल्यानं मिथेन धरतो आणि मग आग आत महिनोन् महिने धुमसत राहते, वरून टँकर ओतून विझत नाही, ढीग उकरून पसरावा लागतो. मामांनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला ठावं हाय. डेपोच्या बांधालाच माझं रान हाय. दोन उन्हाळे धूर खाल्लाय. तुम्हाला किती कळतंय, ते बघायलो होतो."

म्हणजे खिडकीत छाननी झाली ती वेगळी, माझी खरी मुलाखत बाकड्यावर चालू होती आणि मला सांगितलंही नव्हतं.

"किती कचरा निघतोय गावात?" मामांचा दुसरा प्रश्न.

याचं उत्तर मला पाठ होतं. अर्जासोबत मी हौसेनं दोन पानांचं टिपण जोडलं होतं, कुणी मागितलं नसताना. लहान शहरात माणशी दिवसाला दोनशे ते तीनशे ग्रॅम कचरा धरतात. मी अडीचशे धरला. गाव साठ हजारांचं, म्हणजे १५ टन.

"पंधरा टन," मी म्हणालो.

मामांनी बोट वर केलं. आमच्या डोक्यावरच भिंतीला फ्लेक्स होता. 'दैनिक संकलित कचरा १५ टन, प्रक्रिया १०० टक्के.' खाली हात जोडलेले पाच जण. मला क्षणभर अभिमान वाटला. माझं उत्तर भिंतीवर छापून आलं होतं!

"हे कवा मोजलं?" मामा म्हणाले. "डेपोवर काटाच नाही."

तेव्हा माझा अभिमान उतरला. पालिकेनं कचरा तोलला नव्हता, त्यांनीही माझाच गुणाकार केला होता. असा आकडा ओळखायचा कसा, हे मला परीक्षेत दहा मार्कांना आलं असतं तर लिहिलं असतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. खऱ्या काट्यावरचा आकडा एका जागी राहत नाही. दिवाळीला तो चढतो, आठवडी बाजाराच्या दिवशी उडी मारतो, पावसाळ्यात कचरा भिजला की गाडी तेवढीच आणि वजन जास्त भरतं. वर्षभर रोज १५ टन म्हणजे तो आकडा काट्यावर गेलेलाच नाही.

मामांनी पिशवीतून एक डायरी काढली. खताच्या दुकानाची, दोन वर्षांपूर्वीची. आत पानोपानी उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, जशा आपण क्रिकेटच्या धावा मोजायला मारतो.

"म्हशीची धार काढून झाली की बाजंवर बसतो. घंटागाडी आली की एक रेघ. माझं दुसरं काय काम हाय?"

रोज नऊ खेपा. सोमवारी, बाजाराच्या दिवशी, तेरा. पोळ्याला सहाच, कारण ड्रायव्हर गावाकडं गेले होते. चौदा महिन्यांची नोंद. ज्या दिवशी मामा स्वतः लग्नाला गेले, त्या दिवशी रेघांऐवजी 'लग्न' असं लिहिलेलं. एवढी प्रामाणिक नोंदवही मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतसुद्धा बघितली नाही. तिथं आम्ही आदल्या वर्षीची रीडिंग उतरवायचो.

मग माझ्यातला इंजिनिअर एकदाचा जागा झाला. शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी कचऱ्याची घनता काढली होती. ठरावीक मापाचा लाकडी खोका करायचा, त्यात कचरा दाबून न बसवता भरायचा, खोका थोडा उचलून तीनदा आपटायचा, खाली बसला तेवढा पुन्हा भरायचा आणि तोलायचा. आम्ही भंगारवाल्याच्या काट्यावर तोलला होता. भंगारवाल्यानं आधी "काय भाव लावू?" विचारलं आणि आत नारळाची करवंटी बघून आम्हालाच हाकललं. दुसऱ्या भंगारवाल्याकडं घनमीटरला ३५० किलोच्या आसपास भरला.

घंटागाडीचा मागचा डबा साधारण दोन घनमीटरचा. म्हणजे गच्च भरली तरी एका खेपेत ७०० किलो. नऊ खेपांचे सहा टन, वर तीनशे किलो. १५ टन आणायचे तर बावीस खेपा लागतात, आणि मामांच्या डायरीत बावीस हा आकडा एकदाही नव्हता.

"मग राहिलेले पावणेनऊ टन?" मी जरा मोठ्यानंच बोललो. खिडकीतले भाऊसाहेब वर बघायला लागले.

तसं प्रामाणिकपणे सांगायचं तर ते सगळे पावणेनऊ टन चोरीला गेलेले नसतात. शिळं-पाकं म्हशी-शेळ्या खातात, पुठ्ठा-बाटल्या भंगारवाला नेतो, आणि माझे अडीचशे ग्रॅमही अंदाजच. पण एवढं सगळं वजा करूनही बरंच उरतं. ते नाल्यात जातं नाहीतर कोपऱ्यावर जळतं. बिल मात्र टनावर निघत असेल तर फ्लेक्सवरचा आकडाच कामाला येतो. काही ठिकाणी काटा असतो तिथं गाडीत खाली मुरूम आणि वर कचरा भरतात. मुरूम कचऱ्याच्या चौपट जड. मुरूम ओळखायला इंजिनिअर लागत नाही, गाडीचे पाटे बसलेले दिसले की पुरे.

इथवर मला मजा येत होती. मग मामांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली. मी प्यायला घेणार तोच म्हणाले, "पिऊ नका. हिरीचं हाय."

आत बिनदुधाच्या चहासारखं पाणी. झाकण उघडलं तर कुजट वास. हलवलं तर फेस आला आणि बसला नाही.

उत्तर मला येत होतं, आणि येत होतं याचीच लाज वाटली. ढिगातून झिरपणारं ते पाणी. नियमाप्रमाणं भरावभूमीच्या तळाला ९० सेंटिमीटर दाबून बसवलेली चिकणमाती आणि तिच्यावर किमान दीड मिलिमीटरचा प्लास्टिकचा थर हवा. आमच्या डेपोच्या तळाला आहे ती काळी माती. ही माती भिजली की घट्ट, पाणी सहजासहजी सोडत नाही. पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पहिल्या पावसाचं पाणी ढिगातलं सगळं घेऊन त्या भेगांतून मुरमात, तिथून खडकाच्या फटींत, तिथून मामांच्या विहिरीत.

"क्लोराईड तपासून घ्या, मामा," मी म्हणालो. "ते मातीत अडकत नाही, पाण्यासोबत चालत येतं. डेपोच्या वरच्या अंगाच्या विहिरीचं अन् तुमचं, दोन्ही एकाच दिवशी तपासा. तुमचंच वाढलेलं निघालं तर बोलायला पुरावा होतो."

"वरची हीर माझ्या भावाची. तिचं पाणी ग्वाड हाय," मामा म्हणाले. "तीन अर्ज दिले. हा चौथा. ह्यांचं उत्तर येतंय, 'आपला अर्ज योग्य त्या विभागाकडं पाठविला आहे.' त्या विभागाला अधिकारीच नाही म्हणं." मग माझ्याकडं बघून, "ते तुम्ही व्हायलाव का?"

मला काय बोलावं कळेना. २०१८ साली औरंगाबादच्या डेपोशेजारच्या नारेगावच्या लोकांनी गाड्या अडवल्या, तेव्हा शहराचा कचरा रस्त्यावर साचला आणि सगळ्यांना एकदम जाग आली. मामा एकटे, आणि अडवायला त्यांच्याकडं एक म्हैस.

साडेचारला कॉलेजातले क्लार्क जेवून आले. मोबाईलवर पत्राचा फोटो आला, 'सिव्हिल म्हणजेच स्थापत्य होय', खाली शिक्का. भाऊसाहेबांनी ते वाचलं आणि शांतपणे पुढची ओळ दाखवली. घनकचरा क्षेत्रातला एक वर्षाचा अनुभव.

मी गप्प. मागून मामा पुढं आले. डायरीतली दोन पानं फाडली आणि खिडकीतून आत सरकवली. "हे जोडा त्याला. चौदा महिन्यांचा हाय."

भाऊसाहेबांनी पानं उलटसुलट बघितली. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "साक्षांकित नाही. अन् मूळ प्रत आम्ही घेत नसतो. झेरॉक्स आणा."

पाचला दहा कमी. धावत समोरच्या झेरॉक्सवर गेलो तर लाईट गेलेली. दुकानदार पायरीवर बसून दिवसभराचे खराब कागद, चहाचे कप आणि केळीची सालं एकत्र करून काडी लावत होता.

"गाडीत टाकायचं की," मी म्हणालो.

"येतीय कुठं ती?"

ढिगात वरच सकाळी तिरके निघालेले माझेच अर्ज होते. पहिल्या पानाचा कोपरा वळला, फोटोतली माझी टाय काळी पडली, मग लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र पेटलं. मी उभ्या उभ्या अंदाज बांधला. दोन किलो असावं, केळीच्या सालांसकट.