'च' लावा हो, 'च'!

ऑफिसच्या फलकावर मी लिहिलेला सुविचार कुणीतरी पुसला आणि त्या जागी लिहिलं, 'उपदेश नको'. सहीसुद्धा नाही! वाक्य साधंच होतं: 'रागाच्या भरात कधीही बोलू नये.'

पुसणाऱ्याचा राग आला तो आलाच, पण वाक्य खरंच बोट नाचवत होतं. ओळखायची सोपी खूण आहे. सुविचाराच्या आधी 'बाळांनो' लावून बघायचं. खुशाल बसलं, की समजावं उपदेश आहे.

म्हणून पहिला 'कधीही' काढला. तरी 'नये' डोळे वटारून उभाच. 'बोलणे टाळावे' केलं, तर वाक्य जिन्यातल्या सूचनेसारखं दिसायला लागलं. 'आपण रागात बोलायला नको' म्हटलं, तर त्या 'आपण'मध्ये इंजेक्शन देणाऱ्या नर्सचा लाडिक सूर आला. टोचणार समोरच्याला, म्हणणार 'आपण'. शेवटी 'रागात थोडं थांबलेलं बरं' इथवर आलो. 'बरं'मध्ये सक्ती नाही, नुसती पसंती आहे. मी खूश.

तेवढ्यात आमचे एक ज्येष्ठ सहकारी मागे येऊन उभे राहिले. चष्मा कपाळावर, हातात माझाच खडू.

"जोर नाही यात. 'च' लावा."

"कुठे?"

"थांबलेलंच बरं."

"अहो, ही धमकी झाली! 'थांबलेलंच बरं, नाहीतर बघून घेईन.'"

"मग 'थोडंच थांबलेलं बरं'."

"म्हणजे फार थांबू नका, लवकर भांडा?"

"मग 'रागातच' करा."

"एरवी थांबायचं नाही?"

ते क्षणभर विचारात पडले. मग म्हणाले, "पण 'च'शिवाय माणूस ऐकत नाही." हे वाक्य मात्र त्यांनी 'च' न लावता उच्चारलं आणि मला ऐकावं लागलं.

बरं, 'बाळांनो' अजून थोडंसं बसतच होतं. म्हणून सल्लाच काढून टाकला आणि नुसता अनुभव ठेवला: 'रागात सुचलेलं उत्तर सकाळी मला पाठवावंसं वाटत नाही.' त्यावर सहकारी म्हणाले, "तुमच्या घरचं इथे कशाला?" ठीक. 'मला' काढला, 'बरेचदा' घातला: 'रागात सुचलेलं उत्तर सकाळी बरेचदा पाठवावंसं वाटत नाही.' आता आज्ञा नाही, 'नये' नाही, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात कुणी नाही. याहून मऊ केलं असतं, तर 'राग येतो' एवढंच उरलं असतं, आणि ते आम्हाला ठाऊकच आहे. एक शब्द हलवायला किती डोकं लागतं, हे निनावी पुसणाऱ्याला कोण सांगणार? पुसायला ओला बोळा पुरतो.

दुसऱ्या दिवशी फलकापाशी गर्दी दिसली. वाक्य जसंच्या तसं होतं, अक्षर माझंच. फक्त त्याखाली त्या सहकाऱ्यांच्या वळणदार हस्ताक्षरात, दोनदा अधोरेखित करून, लिहिलं होतं: 'आदेशावरून.'