खिसा दहा इंच, तरी फोन रस्त्यावर: प्रतिक्रियेला उत्तर

"ताई, तुमचा लेख वाचून रेयॉनच्या ड्रेसला साइडच्या शिलाईत खिसा लावला. तुम्ही लिहिलेलं तसंच, खोली १० इंच, तोंड ७ इंच. मुंबई नाक्याच्या सिग्नलला गाडीवर बसल्याबसल्या फोन सटकून खाली. वर ड्रेस उजवीकडे ओढला जातो आणि कमरेखाली फुगा दिसतो तो वेगळाच. तोंड कमरेच्या जोडापासून ५ इंच खाली ठेवलंय. मला वाटतं बायकांच्या ड्रेसला खिसा हा हट्टच चुकीचा आहे, पर्स बरी. लिहिण्याआधी स्वतः वापरून बघत जा."

फोन ठीक आहे ना आधी सांगा. आणि चूक माझीच आहे, तुम्ही शिवलंय बरोबर. मी "खोली १० इंच" असं लिहून मोकळी झाले, पण ती कुठून मोजायची ते लिहिलंच नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. तुम्ही तोंडाच्या वरच्या टोकापासून मोजलीत, कुणीही तसंच मोजेल. मग १० मधून तोंडाचे ७ गेले की खाली उरले फक्त ३ इंच. आजकालचा फोन सव्वासहा इंचाच्या आसपास असतो, म्हणजे अर्ध्याहून जास्त फोन तोंडासमोरच उभा, त्याला धरायला काही नाहीच. उभं असताना तो कसाबसा राहतो पण बसलं की मांडी आडवी होते, खिसाही आडवा होतो आणि फोन घसरगुंडीवरून उतरल्यासारखा बाहेर. म्हणून खिशाची खोली तोंडाच्या खालच्या टोकापासून मोजायची. तिथून खाली ५ ते साडेपाच इंच हवेत. पण ७ च्या पुढेही नको, कारण बोटांच्या टोकापासून मनगटापर्यंत आपला हात साधारण साडेसहा-सात इंच असतो, त्याखाली पडलेलं नाणं काढायला मग पूर्ण ड्रेस वर ओढत बसायचं.

आता तोंड. सात इंच मी का लिहिलं असेल देव जाणे, कदाचित माझ्या मिस्टरांच्या पॅन्टवरून. बांगडी भरताना आपण अंगठा आत घेऊन हात बारीक करतो, त्या मापाने बघितलं तर अडीचच्या बांगडीचा घेर पावणेआठ इंचाच्या आसपास, म्हणजे सपाट शिलाईत चार इंचाचं तोंडही पुरेल. पण खिशात हात घालताना कोण बांगडी भरल्यासारखा हात करतं? आणि घालताना एकवेळ होईल, काढताना मुठीत फोन असतो. म्हणून फोन हातात धरा आणि बोटांच्या सांध्यांवरून, फोनसकट, टेप गुंडाळा. माझं माप सव्वादहा आलं. त्याचं अर्धं पाच आणि वर जरासं, त्यात साधारण एक इंच मोकळेपणाचा, झालं सहा. तुमचा हात बारीक असेल तर साडेपाच येईल. ही मापं ड्रेसची हं, अंगाबरोबरच्या पॅन्टच्या क्रॉस पॉकेटला अर्धा इंच जास्त धरते मी, कारण तिथे मागची कड अंगाला चिकटलेली असते, ती उघडतच नाही.

फुगा का येतो? तुमचं तोंड ५ वर सुरू होऊन १२ वर संपतंय, आणि बहुतेक बायकांचा सीटचा सगळ्यात भरलेला भाग कमरेपासून ७ ते ९ इंचाच्या मध्ये असतो, म्हणजे नेमका तोंडाच्या मध्यावर. तिथे कापड ताणलं जातं आणि फट आ वासते. तोंड कमरेच्या जोडापासून अडीच इंचावर सुरू करा, सहा इंचाचं असलं तर साडेआठला संपेल, ताण येतो तो खालच्या टोकाजवळ, तिथे पक्की शिलाई असते. हाताला पण तेच बरं पडतं, आरशासमोर उभं राहून हात सहज खिशात घालायची अॅक्टिंग करा, मनगट जिथे टेकतं तिथे खडूने खूण करा, ती खूण तोंडाचं वरचं टोक. मात्र सीटवर दोन इंच तरी लूज नसेल तर कुठेही लावा, फट दिसणारच.

ओढ लागते त्याचं कारण, तुमच्या खिशाची आतली पिशवी फक्त साइडच्या शिलाईला लोंबकळतेय. दोनशे ग्रॅमचा फोन आणि रेयॉन, शिलाई खाली येणारच. पिशवी वरपर्यंत वाढवून तिचं वरचं टोक कमरेच्या जोडात धरायचं, म्हणजे वजन कमरेवर जातं. आणि समोरच्या कडेला आतून अर्ध्या इंचाची कापडाची किनार लावायची, उभ्या धाग्यातली, ती ताणत नाही. पिशवी रेयॉनची करू नका, पॉपलीन घ्या. पिशवीचं तळ सरळ खाली न ठेवता पुढे झुकवायचं, नाहीतर गाडीवर बसलं की फोन मांडीखाली. आणि तळाशी रुंदी साडेपाचच्या वर नको, सात केली तर फोन आडवा पडतो आणि मग ते बघायला नको.

पलाझोला पिशवीचं वरचं टोक नेफ्यात धरलं की झालं. कट असलेल्या कुर्त्यात कटाच्या सुरुवातीच्या वर पिशवी संपली पाहिजे, नाहीतर पांढरी पॉपलीन बाहेर डोकावते. आणि कमरेला जोड नसलेला रेयॉनचा ए-लाइन असेल तर तुमचं म्हणणं मला मान्य आहे, त्यात फोनचा खिसा नकोच, किल्ली आणि रिक्षाचे पैसे ठेवा. बाकी वेळेला पर्स घेऊन मी भाजी आणायला जाणार नाही, सांगून ठेवते.

"वापरून बघत जा" हे मात्र लागलं, कारण खरंच मी त्या वेळी उभ्याने बघितलं होतं, बसून नाही. आता जुन्या चादरीची पिशवी करून सेफ्टीपिनांनी टाचते, फोन टाकते आणि पंगतीला बसतात तशी मांडी घालते, मग उठते. परवा एका शिक्षिकेच्या ड्रेसला असंच केलं, खाली ४ इंच ठेवले होते, मांडी घातली आणि उठताना फोन अर्धा बाहेर. साडेपाच केले तेव्हा राहिला.

तुमचा आत्ताचा ड्रेस मोडू नका. तोंड खालून दीड इंच शिवून टाका, तिथे पक्का टाका द्या. तोंड साडेपाच राहील आणि त्याखाली साडेचार इंच मिळतील, हवेत त्या पाचपेक्षा कमीच, पण आत्ताच्या तीनपेक्षा बरे. हाताच्या मापाला साडेपाच पुरतं का ते आधी टेपने बघा, नाहीतर सव्वा इंचच शिवा. मग पॉपलीनची दुहेरी पट्टी घ्या, एक टोक पिशवीच्या वरच्या काठाला, दुसरं आतून कमरेच्या जोडाच्या मार्जिनला, वर कापडाला टाका जाऊ देऊ नका. पट्टी पाच इंचापेक्षा किंचित आखूड ठेवा, म्हणजे वजन तिच्यावर येईल. फुगा पूर्ण जाणार नाही, कारण तोंड खालीच आहे, पण कमी होईल. पुढच्या ड्रेसला अडीचवरून सुरुवात करा. आणि मांडी घालून बघितल्याशिवाय गाडीवर बसू नका.