अंदाजे जवळजवळ शंभर

आमच्या मंडळाच्या वार्षिक अहवालात मी लिहिलेले एक निरुपद्रवी वाक्य होते : ‘या उपक्रमात सुमारे शंभर सभासदांनी सहभाग घेतला.’ अहवाल तिघांना तपासायला दिला आणि दुसऱ्या दिवशी फाइल उघडली, तर त्या वाक्यावर तीन रंगांची रंगपंचमी झालेली होती. निवृत्त मुख्याध्यापकांनी ‘सुमारे’ खोडून ‘अंदाजे’ केले होते, सचिवांनी तेच ‘सुमारे’ खोडून ‘जवळजवळ’ घातले होते आणि खजिनदारांनी कशालाही हात न लावता समासात ‘नेमके किती?’ एवढाच, हिशेब मागितल्यासारखा, शेरा मारला होता.

रात्री अकराचा सुमार असल्याने मी सगळ्या सूचना एकदम स्वीकारणारे ‘Accept all’ दाबून मोकळा झालो. दोघांनी एकच शब्द खोडला असला, तरी तो एकदाच जातो. घातलेले शब्द मात्र दोन्ही राहतात, हे ज्ञान मला ‘अंदाजे जवळजवळ शंभर सभासद’ हे वाचल्यावर झाले. सुदैवाने आवृत्ती-इतिहासात आदल्या दिवशीचा मजकूर शाबूत होता. तो परत आणला, त्या आवृत्तीला ‘सूचनांसह मूळ’ असे नाव दिले आणि एकेक सूचना हाताळायला बसलो.

खरा सापळा पुढेच होता. मुख्याध्यापकांनी ‘सभासदांनी’चे ‘सभासद’ आणि ‘सहभाग घेतला’चे ‘सहभागी झाले’ केले होते. त्यांच्या लेखी ही एकच दुरुस्ती होती. परंतु पडद्यावर तिच्या दोन स्वतंत्र चौकटी झाल्या होत्या. पहिली चौकट मी नाकारली, दुसरी भाबडेपणाने स्वीकारली आणि ‘सभासदांनी सहभागी झाले’ असे वाक्य जन्माला घातले, ज्याबद्दल मला शाळेत नक्कीच बाकावर उभे केले असते. तेव्हापासून मी चौकट पाहून निर्णय देत नाही. सूचना मान्य केल्यास पूर्ण वाक्य कसे दिसेल ते आधी वाचतो आणि मगच जोडीतल्या दोन्ही सूचनांना एकच न्याय लावतो.

उरला ‘अंदाजे’ विरुद्ध ‘जवळजवळ’ हा वाद. प्रश्न आवडीचा असल्यामुळे त्यावर नियम सापडेना आणि कोणाचीही सूचना नाकारली, की त्यांना तशी ईमेल जाते, हेही माहीत होते. शेवटी मला खजिनदारांचा शेरा आठवला. हजेरीपट काढून मोजले, तर सभासद ९६ निघाले. नेमका आकडा हाती आल्यावर दोन्ही शब्दांचे कारणच संपले. मी दोघांनाही तसे उत्तर लिहून दोन्ही सूचना नाकारल्या, वाक्य ‘या उपक्रमात ९६ सभासद सहभागी झाले’ असे केले आणि सर्वांना केवळ शेरे लिहिण्यापुरती मुभा ठेवली.

सकाळी ९६ या आकड्याला चिकटलेला एक नवा शेरा होता, तोही खुद्द खजिनदारांचा : ‘सावधगिरी म्हणून आधी “सुमारे” घालावे.’