मीटर लाल झाला नाही, तरी एमपीथ्री का फाटतो?

"मास्टरचा पीक −०.१ डीबीवर थांबवा, मीटर लाल होत नाही म्हणजे एमपीथ्रीत क्लिपिंग शक्यच नाही. ट्रू पीक हे प्लगइन विकायचं निमित्त. तरीही आवाज फाटला तर बिटरेट वाढवा."

नुकतंच मिक्सिंग शिकू लागलेल्या भाच्याकडून हा फॉरवर्ड आला, म्हणून लिहावं लागतंय. क्लिपिंग म्हणजे शून्य डीबी या कमाल मर्यादेपार गेलेले लाटेचे माथे छाटले जाणं.

साधा पीक मीटर फक्त सॅम्पल, म्हणजे लाटेची ठरावीक अंतराने घेतलेली मापं, बघतो. दोन सॅम्पलच्या मधून लाट किती वर जाते, ते त्याला दिसत नाही. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये ११,०२५ हर्ट्झचा सूर घ्या. एका आवर्तनात चारच सॅम्पल पडतात. ते माथ्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर पडले, तर खरा माथा मीटरच्या आकड्यापेक्षा ३ डीबी वर असतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीएस.१७७० या मानकात ट्रू पीक, म्हणजे हा खरा माथा, मोजायची पद्धत याचसाठी दिली आहे: चौपट ओव्हरसॅम्पलिंग करून मधले बिंदू काढायचे. कुणाच्या विक्रीचा त्यात संबंध नाही. ही पद्धतही अगदी अचूक नाही. सर्वांत वरच्या फ्रिक्वेन्सीला ०.७ डीबीपर्यंत कमी दाखवू शकते.

पण खरा घोटाळा "शक्यच नाही"मध्ये आहे. एमपीथ्रीत तुमचे सॅम्पल साठवलेच जात नाहीत. एन्कोडर फ्रिक्वेन्सींचे आकडे ढोबळ करतो आणि कमी बिटरेटला अगदी वरच्या फ्रिक्वेन्सी टाकूनच देतो. लिमिटर, म्हणजे माथे ठरलेल्या पातळीवर रोखणारं साधन, वापरून दाबलेल्या लाटेचा माथा सपाट राहतो तो हार्मोनिक्सच्या, म्हणजे मूळ सुराच्या पटीतल्या वरच्या सुरांच्या, जोरावर. चौकोनी लाटेचा मूळ सूर तिच्या सपाट माथ्यापेक्षा सुमारे २.१ डीबी उंच असतो. हार्मोनिक्स त्याला खाली दाबून धरतात. ते गेले की माथा वर येतो. म्हणून जितकं जास्त दाबलेलं मास्टर, तितका धोका मोठा. असं मास्टर एमपीथ्री केल्यावर स्नेअरच्या ठोक्यावर किंवा "स"च्या उच्चारावर चरचर ऐकू येते.

एक गोष्ट मान्य करतो: क्लिपिंग एन्कोडिंगच्या क्षणी होत नाही. फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकड्यांत, डिकोड केलं तर शून्याच्या वरचे माथे शाबूत असतात; पूर्णांकात बदलताना ते छाटले जातात. पण ऐकणाऱ्याचा प्लेअर ते कुठे करतो, हे तुमच्या हातात नाही.

बिटरेट वाढवल्याने ढोबळीकरणाची चूक कमी होते, हेही खरं. पण मास्टरमध्येच सॅम्पलच्या मधले माथे शून्यापार असतील, तर ३२० लाही ते तसेच राहतात.

तपासायचं असेल तर असं:

```
ffmpeg -i master.wav -b:a 128k test.mp3
ffmpeg -i test.mp3 -af ebur128=peak=true -f null -
```

शेवटी `True peak` खालचा आकडा पाहा. समजा तो +१.२ आला. ट्रू पीक −१ डीबीवर, म्हणजे −१ डीबीटीपी, हवा असेल, तर मास्टर २.२ डीबीने खाली आणा, तेही एन्कोड करण्याआधी. मग पुन्हा एन्कोड करून पुन्हा मोजा, कारण पातळी बदलली की एन्कोडरचं ढोबळीकरणही बदलतं. लिमिटरमध्ये ट्रू पीक चालू करून −१ ठेवणं ही सुरुवात. खूप दाबलेलं मास्टर आणि कमी बिटरेट असेल तर −२.