साठा-अहवालाविषयीच्या अभिप्रायास उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (दोन तारे): «चवथीच्या आधी, ऐन गर्दीत, साडेनऊनंतर आलेल्या साठा-अहवालात म्हापसा आणि मडगाव या शाखाच नव्हत्या. पुढच्या अहवालात त्या आल्या, पण वास्को आणि फोंड्याचा गूळ-नारळ दुप्पट दिसला. विचारले तर ‘सर्व्हर स्लो होता’ एवढेच सांगितले. मग म्हणे कुलूप बसवले, आणि पुढच्या आठवड्यात पाच तास अहवालच नाही.»

महोदय,

आपल्याला मिळालेले उत्तर अपुरे होते, त्याबद्दल प्रथम क्षमा मागतो. सर्व्हर मंद होता हे खरे असले, तरी मंद सर्व्हर आकडे दुप्पट करत नाही. चूक आमच्या मांडणीत होती.

आपला अहवाल दर अर्ध्या तासाने क्रॉन हा ठरल्या वेळी कामे सुरू करणारा प्रोग्राम सुरू करतो, आणि आधीची फेरी संपली की नाही हे क्रॉन पाहत नाही. एरवी फेरी आठ मिनिटांत संपत असल्यामुळे हे कधी जाणवले नव्हते. त्या दिवशी ९ वाजताच्या फेरीला ४१ मिनिटे लागली. प्रत्येक फेरी प्रथम एक तात्पुरता तक्ता रिकामा करते आणि मग त्यात एकेका शाखेचा साठा भरते. साडेनऊपर्यंत पहिल्या फेरीने पणजी, म्हापसा व मडगाव भरले होते. त्याच क्षणी दुसरी फेरी सुरू झाली आणि तिने ते तिन्ही पुसून पुन्हा पणजीपासून आरंभ केला. पहिलीला याचा पत्ताच नव्हता. तिने वास्को आणि फोंडा भरून ९.४१ ला अहवाल पाठवला, ज्यात पणजीचे आकडे दुसऱ्या फेरीचे होते आणि मधल्या दोन शाखा नव्हत्याच. दुसरीने पुढे म्हापसा व मडगाव भरले आणि मग आधीच भरलेल्या वास्को-फोंड्यावर तेच आकडे पुन्हा चढवले.

यानंतर आम्ही घाईने बसवलेले कुलूप म्हणजे एक फाइल होती: ती असेल तर फेरी थांबायची, नसेल तर फाइल तयार करून कामाला लागायची आणि शेवटी ती पुसायची. पुढच्या आठवड्यात एका फेरीच्या मध्यावर वीज गेली, फाइल डिस्कवर तशीच राहिली, आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर प्रत्येक फेरी ती पाहून मुकाट्याने परत गेली. काम मेले, कुलूप मागे उरले. पाच तासांनी आमच्या माणसाने ती फाइल हाताने पुसली.

आता कुलूप flock ही लिनक्सची आज्ञा धरते. यात फाइल असणे-नसणे महत्त्वाचे नसते. कुलूप कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे असते आणि प्रक्रिया कोणत्याही कारणाने संपली की आपोआप सुटते. (म्हणून ती फाइल आता कोणी पुसू नये, अन्यथा नव्या फाइलवर दुसरे कुलूप बसते.)

```
flock -n -E 75 /var/lock/satha.lock timeout -k 1m 50m /opt/ahval/satha.sh
[ $? -eq 75 ] && logger "satha: previous run active"
```

-n मुळे दुसरी फेरी वाट न पाहता परत जाते. वाट पाहायला लावली असती, तर गर्दीच्या दिवशी फेऱ्यांची रांग लागली असती, आणि साठ्याच्या बाबतीत चुकलेली फेरी नंतर भरून काढण्यात अर्थ नसतो. पुढची फेरी ताजेच चित्र देते. रोजमेळाच्या कामाला मात्र हा नियम लावता येणार नाही. ७५ हा कोड आम्ही निवडला आहे, जेणेकरून टाळलेली फेरी आणि बिघडलेली फेरी वेगळ्या ओळखू येतील. अडकलेली फेरी ५० मिनिटांनी बंद केली जाते.

याच ठिकाणी आणखी एक खाच निघाली, जी आपल्या तक्रारीमुळेच तपासली गेली. स्क्रिप्ट बंद केली तरी तिने पोस्टग्रेस या डेटाबेसला दिलेली क्वेरी तिथे काही काळ चालूच राहू शकते. म्हणजे कुलूप सुटते, पण काम सुरूच, आणि पुढची फेरी पुन्हा त्यावर येऊन आदळते. त्यामुळे तक्ता रिकामा करण्यापूर्वी फेरी डेटाबेसमध्येही कुलूप मागते:

```
SELECT pg_try_advisory_lock(4101);
```

उत्तर false आले तर ती काहीही न पुसता संपते. हे कुलूप डेटाबेसच्या त्या सेशनला, म्हणजे त्या एका जोडणीला बांधलेले असल्यामुळे क्वेरी चालू असेपर्यंत सुटत नाही. मात्र सर्व शाखांचे काम त्याच एका सेशनमध्ये व्हावे लागते, आणि तशी स्क्रिप्ट बदलली आहे.

आपल्या बाजूने तपासण्यासाठी अहवालाच्या पहिल्या ओळीत फेरी सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ छापली जाते. अर्ध्या तासाचा एखादा अहवाल आला नाही, तर पुढच्या अहवालातील या वेळा पाहाव्यात. सलग दोन आले नाहीत, तर आमच्या दूरध्वनीवर आपोआप सूचना येते. त्या दोन्ही दिवसांचे अहवाल मूळ नोंदींवरून पुन्हा काढून आपल्या कार्यालयात पाठवले आहेत.

आपला विश्वासू,
संचालक, पणजी