'पाठवले' आणि 'पोहोचले' यांमधले चार तास

वाचकाची प्रतिक्रिया: "ईमेल क्षणात पोहोचतो, असे आपण लिहिले आहे. मी सकाळी ९:४० ला एका संस्थेला अर्ज पाठवला. माझ्याकडे 'पाठवले' असे दिसले, पण तिकडे तो दुपारी पावणेदोनला मिळाला आणि मुदत बाराची होती. मग चार तास तो होता कुठे? आपले स्पष्टीकरण सोपे आहे, पण चुकीचे आहे."

आपला आक्षेप मला मान्य आहे. 'क्षणात' हा शब्द केवळ तारांमधून होणाऱ्या प्रवासाला लागू पडतो. तेवढ्याला खरोखरच सेकंदाचा लहानसा अंश पुरतो. उरलेला वेळ पत्र कोणत्या तरी संगणकावर साठवलेले असते, आणि हे थांबणे मी लेखात पूर्णपणे वगळले होते.

आपण पाठवण्याचे बटण दाबता, तेव्हा पत्र संस्थेकडे जात नाही. ते आपल्या ईमेल सेवेच्या सर्व्हरकडे जाते. तो ते उतरवून घेतो आणि `250` हा आकडा उत्तरादाखल देतो. सर्व्हरांनी पत्रे एकमेकांकडे कशी सोपवावीत हे ठरवणारी जी नियमावली आहे, तिला एसएमटीपी म्हणतात. तिच्यात या आकड्याचा अर्थ असा की पत्र मी स्वीकारले, आता ते पुढे पोहोचवण्याची किंवा न पोहोचल्यास कळवण्याची जबाबदारी माझी. आपल्या पडद्यावरचे 'पाठवले' ही एवढीच पावती असते. टपाल कार्यालयाच्या खिडकीवर स्पीड पोस्टचे पत्र दिल्यावर मिळते तशी ती आहे. पत्र घेणाऱ्याच्या सहीची पोच ती नव्हे.

यानंतर आपला सर्व्हर पत्त्यातील @ चिन्हापुढचे नाव पाहतो आणि या नावाची पत्रे कोणता संगणक स्वीकारतो, हे डीएनएस नावाच्या इंटरनेटच्या नामसूचीला विचारतो. उत्तर मिळताच तो त्या संगणकाशी संपर्क साधतो. बहुतेक वेळा तिथेही लगेच `250` मिळते आणि विषय संपतो. परंतु काही संस्थांचे सर्व्हर अनोळखी पत्र पहिल्या खेपेला मुद्दाम घेत नाहीत. ते `451` असे उत्तर देतात, म्हणजे 'आत्ता नाही, थोड्या वेळाने या'. या पद्धतीला ग्रेलिस्टिंग म्हणतात. तिच्यामागचा हिशेब असा की लाखो जाहिराती फेकणारे प्रोग्राम बहुधा परत येत नाहीत, प्रामाणिक सर्व्हर मात्र पत्र रांगेत ठेवतो आणि पुन्हा येतो. दोन प्रयत्नांत साधारणपणे किमान अर्धा तास जाऊ द्यावा आणि हार मानण्यापूर्वी किमान चार-पाच दिवस प्रयत्न करीत राहावे, असे नियमावली सुचवते.

मग अर्ध्या तासाचे चार तास कसे होतात? मोठ्या ईमेल सेवांकडे पत्रे बाहेर नेणारे संगणक अनेक असतात आणि दर खेपेला तोच संगणक जाईल असे नसते. समोरचा सर्व्हर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता तर लक्षात ठेवतोच, शिवाय पत्र घेऊन आलेल्या संगणकाचा क्रमांकही ठेवतो. दुसऱ्या खेपेला वेगळा संगणक गेला, तर तो पुन्हा अनोळखीच ठरतो आणि पुन्हा `451` मिळते. प्रयत्नांमधले अंतर वाढत जाते आणि सकाळची दुपार होते. अर्थात संस्थेचा सर्व्हर त्या वेळी बंद असता, तरी पत्र असेच रांगेत पडून राहिले असते.

पत्र कुठे थांबले, हे मात्र तपासता येते. प्रत्येक सर्व्हर पत्र स्वीकारताना त्याच्या हेडरमध्ये, म्हणजे एरवी न दिसणाऱ्या माथ्यावर, वेळेची एक नोंद सर्वांत वर जोडतो. म्हणून या नोंदी खालून वर वाचायच्या. आपल्यासारख्या प्रसंगी त्या काहीशा अशा दिसतील (नावे नमुन्याची आहेत):

```
Received: from out.example.com by mx.example.org;
  Tue, 4 Mar 2025 13:42:10 +0530
Received: from [192.0.2.15] by out.example.com;
  Tue, 4 Mar 2025 09:40:31 +0530
```

खालची नोंद सांगते की आपल्या सेवेने पत्र ९:४० ला घेतले. वरची सांगते की संस्थेच्या सर्व्हरने ते १:४२ ला स्वीकारले. मधला सगळा काळ ते `out.example.com` च्या रांगेत होते. रांग का लागली, हे या दोन ओळींतून कळत नाही. त्यासाठी त्या सर्व्हरच्या चालकाला त्याच्याकडची नोंदवही पाहावी लागते. वेळेच्या शेवटी असलेला `+0530` हा भारतीय वेळेचा खुणेचा आकडा आहे. तिथे दुसरा आकडा असेल, तर वजाबाकीपूर्वी वेळा जुळवून घ्याव्यात, नाहीतर नसलेला विलंब दिसू लागतो.

या नोंदी आपल्या 'पाठवलेले' कप्प्यातील प्रतीत सापडणार नाहीत, कारण ती प्रत प्रवासाला निघालेलीच नसते. म्हणून संस्थेलाच त्यांना मिळालेले पत्र उघडून मूळ हेडर पाहण्याची विनंती करावी लागेल. जीमेलमध्ये तो Show original या पर्यायाखाली दिसतो. तिथली ९:४० ची ओळ आपल्या सेवेच्या सर्व्हरने लिहिलेली आहे, हे त्यांच्या निदर्शनास आणावे. त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरच्या नोंदीखालच्या ओळी बनावट असू शकतात, म्हणून ते तिला निर्णायक पुरावा मानतीलच असे नाही. परंतु विचारणा कुठून सुरू करायची, हे तिच्यावरून ठरते.

मूळ लेखातील ते वाक्य मी आज बदलले आहे. आता तिथे 'क्षणात पोहोचतो' ऐवजी 'एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो आणि मध्ये थांबूही शकतो' असे आहे.