फाइल हॅज बीन सेंड, आता शोधा!

परवा मेल आला, सब्जेक्टमध्ये 'अर्जंट' आणि आत एकच ओळ: 'सर, द फाइल हॅज बीन सेंड अँड वॉज सबमिटेड बाय टुमारो.' खाली वॉर्म रिगार्ड्स. चष्मा पुसून चार वेळा वाचली. तेवढ्यात वरून विचारणा आली, फाइल गेली का? 'वॉज सबमिटेड' डोळ्यासमोर होतं, मी मान हलवली. पुढचं सांगतोच, पण अशी एका ओळीत माणसाची वाट लावण्याची कला तुम्हालाही यावी म्हणून हे चार सल्ले.

सगळ्यात आधी, क्रियापदाचं तिसरं रूप विसरा. सेंडचं सेंट होतं, स्पेंडचं स्पेंट, बिल्डचं बिल्ट, पण एका 'ट'साठी कोण जीव काढतो? शिवाय 'सेंड' हा शब्द डिक्शनरीत असतोच, स्पेलिंग तपासणारा बिचारा त्याखाली लाल रेघ मारणार कशाला! रेघ नाही म्हणजे बरोबर. थोडी हौस असेल तर 'सेंडेड' लिहा, रेघ आली तरी दुर्लक्ष करा.

'हॅज बीन' लिहिलंत की पुढे 'यस्टरडे' ठोकून द्या, 'हॅज बीन कम्प्लिटेड यस्टरडे', दोन काळ एकात, पैसा वसूल.

चूक आपोआप झाली असेल तर तिलाही पॅसिव्ह करा: 'द मिस्टेक वॉज हॅपन्ड.' चुकीलाही बरं वाटतं.

आता मुख्य धडा, इज, वॉज, विल बी यातलं कुठलं लावायचं? जे आधी हाताला लागेल ते! काळ वगैरे बघू नका, वाक्यात पुढे 'टुमारो' आहे म्हणून मागे 'विल बी' यायला पाहिजे ही जुनाट अंधश्रद्धा आहे. 'वॉज सबमिटेड बाय टुमारो' मध्ये तर दुहेरी मजा आहे, कारण पॅसिव्हमध्ये 'बाय' नंतर सहसा काम करणारा येतो, 'सबमिटेड बाय मॅनेजर' म्हणजे मॅनेजरने सबमिट केली. मग 'बाय टुमारो' म्हणजे टुमारो नावाच्या कुणा कर्तबगार गृहस्थाने केली का? मला वाटतं त्यालाच पगार द्यावा. मराठीत 'कडून' वेगळं, 'पर्यंत' वेगळं, इंग्रजीत दोन्हीला एकच 'बाय', आणि तो मुदतीचा आहे की माणसाचा हे आजूबाजूचे शब्द सांगतात, त्यात 'वॉज' टाकलं की काम झालंय की व्हायचंय हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. मला तरी कुठे कळलं! मी इनबॉक्स शोधला, स्पॅम शोधला, डिलीट केलेलं उपसलं, फाइल कुठेच नाही. शेवटी मेल पाठवणाऱ्याला फोन केला तर साहेब शांतपणे म्हणतात, 'अहो सर, पाठवायचीय अजून, लिहिलंय ना बाय टुमारो!' म्हणजे याला म्हणायचं होतं 'हॅज टू बी सेंट अँड विल बी सबमिटेड बाय टुमारो'. 'टू बी'चं 'बीन' झालं, 'विल बी'चं 'वॉज' झालं, आणि न झालेलं काम झालेलं होऊन बसलं. आणि मी वर सांगून मोकळा, गेली म्हणून! दुसऱ्या दिवशी बोलणी कुणी खाल्ली? मी. आणि हा मला म्हणतो, 'पण मीनिंग समजलं ना सर?'

नाही समजलं! तेच तर सांगतोय, उलटं समजलं!

आणि ते 'इंग्रजी आपली मातृभाषा नाही' हे रडगाणं बंद करा. हीच भानगड मराठीतही आहे आणि तिथे तुम्ही एकदाही चुकत नाही. 'फाइल पाठव गेली आहे' असं कधी बोललात का? नाही ना, 'पाठवली गेली आहे' म्हणता, 'पाठव'चं रूप न शिकवता बदलता. 'हॅज बीन सेंड' म्हणजे तेच 'पाठव गेली आहे'. 'उद्यापर्यंत पाठवली गेली' म्हणता का? 'पाठवली जाईल' म्हणता, 'पाठवली' तसंच राहतं आणि काळ सांभाळायला 'जाणे' बदलतं, गेली, जाते, जाईल. इंग्रजीत ते काम 'बी' करतं, वॉज, इज, विल बी. सेंडच्या मागे तो 'बी' दिसला की आधी सेंट करायचं आणि मग बघायचं काम झालंय की व्हायचंय. दहा सेकंद लागतात हो. तेवढेही नसतील तर मुकाट्याने 'आय विल सेंड द फाइल टुमारो' लिहा, तिथे 'सेंड'च बरोबर आहे, आणि पाठवणार कोण तेही कळतं. पण ते नको असतं ना! 'आय' लिहिलं की नाव येतं, मग उद्या कुणी विचारलं तर उत्तर द्यावं लागतं.

ती फाइल अजून आलेली नाही. आज सकाळी पुन्हा मेल आलाय, 'द फाइल इज बीन अटॅच्ड'. अटॅचमेंट नाहीये.